थांबलेल्या पावलांना हाक

तीस वर्षं मी शाळेत संस्कृत शिकवलं आणि जवळजवळ तेवढीच वर्षं परीक्षेच्या वर्गांवर पहारा केला. कॉपी करणारं मूल मला पाठमोरं असलं तरी कळायचं. मान किती वळली, रबर किती वेळा खाली पडलं, पाणी प्यायला कोण कुणाच्या बाकाजवळून गेलं, सगळं माझ्या डोक्यात टिपलेलं असायचं. नवरा म्हणायचा, "तू लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणी शेजारच्या ताटात बघून लाडू मागितला ते सांगशील." हे तो चेष्टेने म्हणायचा आणि मी ते कौतुक म्हणून घ्यायची.

निवृत्त झाल्यावर मी अरबीच्या वर्गाला नाव घातलं. आमचे आजोबा बडोदे संस्थानच्या दफ्तरात कारकून होते. त्यांच्या कागदांत अर्धे शब्द असे यायचे, की ते आपण मराठी म्हणून वापरतो पण मुळातून ओळखत नाही, असं मला सारखं वाटायचं. वर्ग बडोद्यातच, मांडवीपलीकडच्या एका गल्लीत, एका ट्रस्टच्या पहिल्या मजल्यावर भरायचा, आठवड्यातून तीन दिवस, दुपारी चार ते साडेपाच. तरसालीहून मला रिक्षा बदलून जावं लागे. सोसायटीतल्या बायकांनी "अरबीच का पण?" असं दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा विचारलं नाही, ते जास्त टोचलं. वर्गातही एका तरुणाने पहिल्या आठवड्यात "मॅडम, आपको किसने भेजा?" असं हसत हसत विचारलं होतं. मी पण हसले, पण त्या दिवसापासून त्याच्याशी जपूनच बोलत राहिले.

आम्ही अकरा जण होतो. माझ्या बाकावर डावीकडे बसायची ती विशीतली मुलगी, मांडवीजवळच्याच एका बोळातली. लहानपणी ती मदरशात शिकली होती, पण हातात प्रमाणपत्र काही नव्हतं. मुलींच्या एका छोट्या शाळेने तिला सांगितलं होतं की जूनमध्ये वर्ग सुरू व्हायच्या आधी अरबीचं प्रमाणपत्र दाखव, पहिली-दुसरीचे तास तुझे. हे तिने मला पहिल्याच महिन्यात सांगितलं. मी तिथे हौसेखातर येत होते आणि ती त्या कागदासाठी, हे मला अगदी नीट माहीत होतं. पुढे जे झालं त्यात "मला कल्पना नव्हती" असं म्हणायची सोय मला नाही.

तिने मदरशातली एक पद्धत आमच्यात आणली. वर्ग सुटला की चार-पाच जणांनी जिन्याच्या पायऱ्यांवर बसायचं. एकाने शिक्षक व्हायचं आणि सरांनी त्या दिवशी शिकवलेला पाठ पुस्तक मिटून पहिल्यापासून सांगायचा. बाकीच्यांनी विद्यार्थी होऊन ऐकायचं, आणि मग शिक्षक कुणाला तरी उठवून विचारणार. बहुतेक वेळा शिक्षक तीच असायची. आधी माझ्याकडे सरळ बघायची, मग बोट करून म्हणायची, "या तालिबतु, कूमी." अगं विद्यार्थिनी, ऊठ. आणि मी, एकसष्ट वर्षांची बाई, गुडघ्यावर हात टेकून उठायची. सगळे हसायचे. मला ते फार आवडायचं, पण तसं मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

त्या वेळी सर हाक मारायचे नियम शिकवत होते. अरबीत हाक मारताना शब्दाआधी "या" येतो, आणि हाक मारलेल्या शब्दाचा शेवट बदलतो. माणूस ठरलेला असेल, समोरच्या एकालाच "अहो गृहस्थ" म्हणायचं असेल, तर "या रजुलु". शेवटी उकार, त्याला ते पेश म्हणतात. कुणाचं नाव घेऊन हाक मारली तरी शेवट तसाच. पण माणूस ठरलेलाच नसेल, कोणीही या पण मदत करा अशी हाक असेल, तर "या रजुलन". शेवटी दोन जबर, म्हणजे अकार आणि त्याच्यामागे "न". या "न"ला म्हणायचं तनवीन. हाकेच्या शब्दाला पुढचा शब्द षष्ठीने चिकटलेला असेल, जसं "ज्ञानाच्या विद्यार्थ्या", तर "या तालिबल् इल्मि": अकार येतो पण तनवीन गळतो. आणि "अरे डोंगर चढणाऱ्या" म्हणायचं तर "या तालिअन जबलन". चढणारा डोळ्यांसमोर असला तरी इथे तनवीन राहतो, कारण त्या शब्दाने पुढचा डोंगर आपलं कर्म म्हणून धरून ठेवलेला असतो.

सर म्हणाले की "या" म्हणजे "मी हाक मारतो" असं धरा, म्हणजे ज्याला हाक मारली तो कर्म झाला. ठरलेल्या माणसाचा तो उकार कर्त्याच्या उकारासारखा दिसतो खरा, पण जागा कर्माचीच. मी चाट पडले. आयुष्यभर मी मुलांना शिकवलं की संबोधन प्रथमेच्याच घरात राहतं. इथे हाक मारलेला माणूस हाकेचा मार खातो म्हणे. त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याला हे अर्धा तास समजावलं आणि तो म्हणाला, "चाल ने आता, भाजी करपते."

न ठरलेल्या माणसाच्या हाकेला पुस्तकात एकच उदाहरण होतं, आणि सरांनाही तेच पाठ होतं: आंधळा माणूस म्हणतो, "या रजुलन, खुज़ बियदी." कोणी तरी माणसा, माझा हात धर. आंधळ्याला दिसत नाही, म्हणून माणूस ठरलेला नाही, म्हणून तनवीन. सगळ्यांनी घोकलं. आंधळा आला की दोन जबर.

परीक्षा मे महिन्यात झाली. सरांनी ते उदाहरण थोडं सजवून दिलं होतं. एक आंधळा म्हातारा रस्त्याच्या कडेला उभा आहे. एका माणसाची पावलं येतात आणि त्याच्यासमोर थांबतात. तो हाक मारतो. गाळलेल्या जागी "रजुल" या शब्दाचं योग्य रूप लिहा आणि कारण द्या. नऊ जणांनी लिहिलं "रजुलन". मी लिहिलं "रजुलु", आणि कारण म्हणून तीन अरबी शब्द, अर्थ असा: कारण त्याचा रोख त्याच्यावरच होता. लिहिताना मला कोण आनंद झाला होता. मनात म्हटलं, बघा, व्याकरण हाडात भिनलेलं असलं की असं सुचतं.

चार दिवसांनी सरांनी वर्ग सुटल्यावर मला थांबवलं. त्यांच्या पुढ्यात दोन उत्तरपत्रिका होत्या, माझी आणि तिची. दोघींनी "रजुलु" लिहिलं होतं. कारणाचे तीन शब्दही तेच, त्याच क्रमाने. सर मवाळ माणूस. दाढी कुरवाळत म्हणाले, "बेन, अकरामध्ये दोनच जणी पुस्तकाच्या विरुद्ध गेल्या आणि दोघी एका बाकावरच्या. मला कमिटीला काहीतरी सांगावं लागेल. तुम्ही स्वतः शिक्षिका. तुम्हीच सांगा."

तुम्हीच सांगा म्हटल्यावर माझ्यातली पहारेकरीण खुर्चीतून उठलीच. मला लगेच सगळं आठवायला लागलं. तिने परीक्षेत माझ्याकडे रबर मागितलं होतं. दोनदा. माझी उत्तरपत्रिका उजव्या हाताखाली होती पण वरचा भाग उघडाच होता. आणि ती माझ्यानंतर दहा मिनिटं बसून होती. मी "तिने कॉपी केली" असं म्हटलं नाही. मी म्हटलं, "सर, मी काय बोलणार? ती माझ्या डाव्या हाताला होती, आणि तिने दोनदा रबर मागितलं एवढं मला आठवतं." हे असं बोलायला मी तीस वर्षांत शिकले होते. आरोप करायचा नाही, फक्त माहिती द्यायची, आरोप समोरचा करतो. सर म्हणाले, तिचा निकाल तूर्त राखून ठेवतो. बाहेर आले तेव्हा जिन्यात कुणाच्या तरी चपला खाली जाताना वाजल्या, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

घरी आल्यावर मला चैन पडेना. तिच्यासाठी नव्हे, हे कबूल करते. सरांनी दोघींच्या उत्तरपत्रिका सोबत ठेवल्या होत्या, म्हणजे संशय माझ्यावरही होता, आणि ते मला सहन होत नव्हतं. माझी वही दाखवून हे उत्तर माझंच आहे असं सिद्ध करावं, म्हणून मी हाकेच्या धड्याची पानं शोधायला बसले. सरांचा पाठ सापडला. त्याच्यापुढच्या पानावर, पायऱ्यांवरच्या उजळणीत मी उतरवून घेतलेलं होतं. माझंच अक्षर. "ती म्हणते: आंधळा असल्याने काही ठरत नाही. रोख कुणावर आहे त्यावर ठरतं. तिचे अब्बा बघू शकत नाहीत, पण ते गल्लीतल्या प्रत्येकाला हाक मारत नाहीत. ज्याची पावलं हेरली त्यालाच मारतात. मग तो ठरलेला. मग रजुलु."

खाली ते तीन अरबी शब्दही होते, तिने सांगितलेले. आणि त्या सगळ्यावर लाल शाईने आडवी रेघ. बाजूला माझ्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: "चूक! पुस्तकात तनवीन आहे."

तिला मी चूक ठरवलं, विसरून गेले, आणि दोन महिन्यांनी तेच माझ्या डोक्यातून माझं म्हणून बाहेर आलं. कॉपी झाली होती, आणि करणारी मी होते. फक्त मी मान वळवली नव्हती.

खरं सांगते, ते पान फाडावं असं मला वाटलं. नुसतं वाटलं नाही, मी ते पिनांपाशी धरलंही. मग दुसरा विचार आला, तो त्याहून वाईट. मला वाटलं, हे अब्बांचं प्रकरण तरी खरं कशावरून? व्याकरणासाठी रचलेलं असेल. आंधळा बाप घरातच असणं जरा जास्तच सोयीचं नाही का? आता हसू येतं, पण त्या दुपारी मला तो विचार अगदी शहाणपणाचा वाटला. शनिवारी मी भाजीच्या पिशवीसह खंडेराव मार्केटला निघाले असं घरी सांगितलं आणि मांडवीला उतरले.

तिचा बोळ मला ऐकून माहीत होता. दोन माणसं शेजारून गेली तर खांदे लागतील एवढा. तिसऱ्या घराच्या ओट्यावर एक म्हातारा खाटल्याला नवी पट्टी विणत बसला होता. डोळे उघडे होते. मी समोरच्या विजेच्या खांबाजवळ उभी राहिले आणि बघत राहिले, परीक्षेच्या वर्गात बघायची तशीच. त्याची बोटं पट्टीवरून चाचपत चालायची, मान मात्र वर, गल्लीच्या तोंडाकडे. एक स्कूटरवाला स्कूटर ढकलत गेला. म्हातारा काही बोलला नाही. दोन बायका बोलत गेल्या. काही नाही. मग एक जाडजूड माणूस जड पावलं टाकत आला, आणि म्हाताऱ्याने हातातली पट्टी सोडली.

"एय भाई, आ खाटलो जरा पकडो ने."

तो माणूस थांबला, खाटला उभा करून दिला, "बस चाचा?" म्हणाला आणि गेला. कोणी तरी या, असं म्हाताऱ्याने म्हटलंच नव्हतं. त्याला जोर असलेला माणूस हवा होता आणि येणाऱ्यांतून त्याने तो निवडला होता. तिने जे सांगितलं ते अक्षरशः तसंच होतं. मला आता हळूच निघून जायचं होतं. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, बांगड्या वाजल्या.

"ए बेन, थांभला पासे ऊभां छो ते. कोनुं काम छे?"

खांबाजवळ उभ्या आहात त्या बाई, कोणाकडे काम आहे, अशी हाक थेट मलाच होती. त्याने मान माझ्या दिशेने वळवली होती, अगदी नेमकी. म्हणाला, तुमच्या चपला इथे येऊन थांबल्या त्याला बराच वेळ झाला. चालून जाणारा माणूस वेगळा आणि थांबणारा वेगळा. आवाजात संशय होता आणि तो लपवायचा प्रयत्न नव्हता. घरात तरुण मुलगी असलेल्या ओट्यासमोर कोणी गुपचूप उभं राहिलं तर कुठल्याही बापाच्या आवाजात तोच असेल.

मी माझं नाव सांगितलं, वर्ग सांगितला. त्याचा चेहरा लगेच सैल झाला. "अरे, पेलां संस्कृतवाळां बेन! आवो, आवो." मुलगी घरी रोज माझ्याबद्दल बोलायची म्हणे. या वयात कशा उठून उभ्या राहतात, कशा प्रत्येक गोष्ट लिहून घेतात. हे ऐकताना मला कुठे तोंड लपवावं ते कळेना.

ती आतून बाहेर आली. बसा म्हणाली नाही. मी पिशवीतून वही काढली, ते पान उघडलं आणि तिच्या हातात दिलं. तिने वाचलं. लाल रेघेवरून बोट फिरवलं. मी म्हटलं, माझ्या पेपरातलं उत्तर तुझं होतं, मी विसरले होते, सरांना मी जे सांगितलं ते चुकीचं होतं, उद्याच जाऊन सांगते. ती गुजरातीत एवढंच म्हणाली, "हुं सीडीमां ज हती. में सांभळ्युं." जिन्यातच होते, ऐकलं मी. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने वही मिटून परत दिली आणि अब्बांना चहाचं विचारायला गेली. चहा आला, मी प्यायले, ती आतच राहिली.

सरांना मी ते पान दाखवलं. त्यांनी तीनदा वाचलं आणि मग स्वतःचाच प्रश्न पुन्हा वाचला. "एका माणसाची पावलं थांबतात, हे मीच घातलं," ते म्हणाले, "छान वाटेल म्हणून. थांबला म्हणजे तो ठरलाच की." मग त्यांनी दोघींना पूर्ण गुण दिले. मी म्हटलं माझे काढा. ते म्हणाले, "बेन, तुम्ही तिच्याकडून शिकलात, आणि शिकलेलं लिहिलंत. हा गुन्हा नाही. गुन्हा दुसरा आहे, आणि त्याचे गुण माझ्या पेपरात नाहीत." नऊ जणांचेही गुण त्यांनी कापले नाहीत. मवाळ माणूस म्हटलं ते उगाच नाही. प्रमाणपत्र तिला वेळेत मिळालं. पहिली-दुसरीचे तास तिलाच मिळाले.

पुढच्या पातळीचा वर्ग जुलैत सुरू झाला. तिची शाळा सकाळची, म्हणून ती दुपारी यायला लागली. येताना तिच्या बोटांना खडू लागलेला असायचा. ती आता पुढच्या बाकावर बसते, माझ्या डावीकडे आता कोणी नसतं. भेटली की सलाम करते, तब्येत विचारते, मी दिलेली पुरणपोळी घेते. काही उणं काढता येणार नाही असं सगळं. पण मी रबर पुढे केलं तर "छे, छे" म्हणून स्वतःचं काढते. ते मी बरोबर टिपलंय.

पायऱ्यांवरची उजळणी मात्र चालू राहिली. पहिल्या दिवशी ती शिक्षिका होऊन वरच्या पायरीवर बसली. खाली आम्ही चौघी बायका होतो. तिने पाठ पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला, पुस्तक मिटून. मग विचारायची वेळ आली. मी सवयीने गुडघ्यावर हात टेकले होते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. गल्लीच्या तोंडाकडे बघत, अगदी स्पष्ट उच्चारात म्हणाली, "या तालिबतन, कूमी."

कोणीही विद्यार्थिनी, ऊठ. कोणीही चालेल.

बाकीच्या तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मी उठून उभी राहिले आणि पहिल्यापासून पाठ म्हणायला लागले.